लोखंडी कुलरच्या पंपात दोष: कुलर आधी कसा थांबवायचा, मग पंप बदलून किंवा पैसे परत कसे घ्यायचे

ही सूचना आमच्या लोखंडी बॉडीच्या कुलरबद्दल आहे. त्यात बसवलेल्या पाण्याच्या पंपांच्या दोन लॉटमध्ये दोष सापडला आहे. पंपात पाणी शिरतं, टाकीतल्या पाण्यात करंट उतरतो, आणि घरात अर्थिंग नसेल तर कुलरची पूर्ण बॉडी करंट मारते. पंखा, मोटर, बॉडी आणि ताट्या यांत दोष नाही. पंप आम्ही मोफत बदलून देतो, किंवा पैसे परत करतो. गॅरंटी संपली असेल, पावती हरवली असेल किंवा कुलर दुसऱ्याकडून जुना घेतला असेल, तरीही.

पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा: कुलरचा प्लग बोर्डातून काढा आणि लहान मुलं, गुरं त्याच्या जवळ जाणार नाहीत असं बघा. बाकीचं निवांत वाचता येईल.

आधी कुलर बंद करा, पण नीट

कुलरवर पंखा आणि पंप यांची दोन वेगळी बटणं असतात. पंपाचं बटण बंद केलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. या दोषात तेवढं पुरत नाही. बटण दोन तारांपैकी एकच तार तोडतं. दोन पिनांचा प्लग उलटा लागला असेल, किंवा एक्स्टेन्शन बोर्डात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर बटण न्यूट्रलवर येतं आणि बंद असतानाही पंपापर्यंत फेज पोहोचलेला राहतो. खेड्यातल्या घरांत खिडकीबाहेरच्या कुलरला एक्स्टेन्शन ओढून लाईन देतात, तिथे हे हमखास आढळतं. म्हणून बटणावर विसंबू नका, प्लगच काढा.

प्लग काढताना हात कोरडा आणि पायात चप्पल हवी. दुसरा हात कुलरच्या बॉडीला किंवा खिडकीच्या गजाला लागू देऊ नका. आधी कधी झिणझिण्या जाणवल्या असतील, किंवा बोर्डाखाली पाणी सांडलेलं असेल, तर प्लगला हात लावायच्या आधी घराचा मेन स्विच पाडा. टाकीतल्या पाण्यात हात घालणं, पाइप सरळ करणं, ताट्या काढणं ही सगळी कामं प्लग निघाल्यावरच.

कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला करा आणि 108 ला फोन लावा. माणूस उठून बसला, बोलायला लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण शॉकचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

दोष नेमका कुठे आहे

पंपाच्या आत तांब्याचं वेटोळं असतं. त्यावर राळ ओतून ते पूर्ण बंद करतात, म्हणजे पंप पाण्यात बुडाला तरी पाणी तारेपर्यंत जात नाही. या दोन लॉटमध्ये वायर जिथे पंपात शिरते तिथली राळ वायरच्या प्लास्टिकला नीट धरलेली नाही. मऊ प्लास्टिकला राळ तशीही कमी चिकटते, म्हणून त्या जागी रबरी बूच लागतो. या पंपांत तो बसवलेला नाही. पंप आमच्याकडे तयार होऊन येतात, पण कुलर आमच्या नावाने विकला गेला आहे, त्यामुळे जबाबदारी आमची आहे.

नवा पंप पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही. उन्हाळ्यात टाकी दुपारपर्यंत रिकामी होते, पंप कोरडाच फिरत राहतो आणि तापतो. मग कुणीतरी गार पाण्याच्या बादल्या ओततं. तापलेला पंप एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि वायरच्या कडेच्या बारीक फटीतून पाणी आत ओढलं जातं. असं काही वेळा झालं की ओल वेटोळ्यापर्यंत जाते. म्हणूनच एका घरात पंप पूर्ण हंगाम बिनतक्रार चालतो आणि शेजारच्या घरात तोच लॉट महिन्याभरात करंट मारतो.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जास्त जपायला हवं. खाऱ्या पाण्यातून करंट गोड्या पाण्यापेक्षा सहज वाहतो, त्यामुळे तीच फट तिथे जास्त धोक्याची ठरते. त्या पट्ट्यातल्या तक्रारी आम्ही आधी घेतो आहोत.

घरातला फ्यूज किंवा एमसीबी हे का थांबवत नाही, हे बरेच जण विचारतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. ती 6 किंवा 16 अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढला गेला तरच पडते. माणसाच्या जिवाला मात्र 30 मिलिअँपिअरच्या पुढचा, म्हणजे एका अँपिअरच्या तीन टक्क्यांएवढा करंटही घातक ठरू शकतो. अर्थिंग नसेल तर बॉडीत उतरलेल्या करंटला जायला वाट नसते, तो तिथेच थांबून राहतो, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून कुणी हात लावला की त्याच्या अंगातून जातो. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही. तो ओळखणारं उपकरण वेगळं, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी. ते थोडीशी गळती झाली तरी लाईन तोडतं.

तुमचा पंप त्यातला आहे का

प्लग काढलेला आहे ना, हे परत बघा. कुलरच्या मागच्या बाजूला, बटणांच्या पेटीखाली पत्र्याची पट्टी आहे. तिच्यावर ‘पंप लॉट’ समोर एक अक्षर उमटवलेलं असतं. ‘ड’ किंवा ‘ढ’ असेल तर तुमचा कुलर या सूचनेत येतो.

पट्टी गंजली असेल, रंगवली गेली असेल किंवा अक्षर लागत नसेल तर पंप पाण्याबाहेर काढून बघा. दोष असलेल्या पंपात वायरभोवती पांढरट राळ दिसते आणि वायर सरळ राळेतच घुसलेली असते. चांगल्या पंपात राळ काळी आहे आणि वायरभोवती नखाएवढा उंच रबरी बूच आहे. दोन्हींत फरक असेल, म्हणजे पट्टीवर ‘ड’ आहे पण पंपाला बूच आहे, तर मधे कुणीतरी पंप बदललेला असतो. अशा वेळी पट्टीपेक्षा पंपाकडे बघा. बाजारातून घेतलेला दुसऱ्या बनावटीचा पंप असेल तर तो आमच्याकडून बदलून मिळणार नाही, पण त्याच्याही वायरची जागा बघून घ्या.

एक चूक फार होते, ती टेस्टरची. टेस्टर बॉडीला लावला, दिवा लागला नाही, म्हणजे कुलर चांगला, असं समजून लोक वापरत राहतात. टेस्टरचा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. तुम्ही लाकडी बाजेवर उभे असाल, पायात जाड रबरी चप्पल असेल किंवा दुपारच्या उन्हात बघत असाल, तर बॉडीत करंट असूनही दिवा दिसत नाही. दिवा लागला तर कुलर नक्की थांबवा. नाही लागला तर त्यावरून काही ठरवू नका. आणि मुळात या तपासणीसाठी कुलर परत लाईनवर लावायची गरजच नाही.

पंप येईपर्यंत उन्हाळा कसा काढायचा

पारा 45 च्या पुढे असताना कुलर बंद ठेवा एवढंच सांगणं बरोबर नाही, हे आम्ही जाणतो. घरात म्हातारी माणसं, बाळंतीण, लहान बाळ असतं. म्हणून मधला रस्ता आहे, पण त्याला एक अट आहे: घराची अर्थिंग खरोखर चालू हवी.

गावातल्या वायरमनला बोलवा. तो बोर्डाच्या फेज आणि अर्थच्या मधे 100 वॅटचा बल्ब लावून बघेल. फेज आणि न्यूट्रलमधे जसा लख्ख लागतो तसाच इथेही लागला तर अर्थिंग ठीक. मंद लागला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग नावापुरती आहे. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ते पडेल, त्यात बिघाड समजू नका. ही चाचणी स्वतः करू नका.

अर्थिंग ठीक निघाली तर त्याच फेरीत वायरमनकडून पंपाच्या दोन्ही तारा बटणांच्या पेटीतून सोडवून घ्या आणि पंप टाकीबाहेर काढा. त्यानंतर कुलर फक्त पंख्यावर चालवता येतो. प्लग काढून ताट्यांवर तांब्याने पाणी मारायचं, निथळू द्यायचं, मग प्लग लावून पंखा सुरू करायचा. कोरड्या उन्हात ताट्या लवकर सुकतात, सुकल्या की परत तसंच करायचं. अर्थिंग ठीक नसेल तर मात्र नवा पंप बसून अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत कुलर लावूच नका. पंखा आणि दारा-खिडक्यांना ओले पडदे एवढ्यावर भागवा. यात आम्ही सूट देऊ शकत नाही.

पंप उन्हात वाळवून, वायरवर टेप गुंडाळून किंवा एमसीलने जागा बुजवून परत वापरू नका. बाहेरून फट बंद होते, पण आत शिरलेली ओल तिथेच राहते.

नोंद कशी करायची

पट्टीवरच मोबाइल नंबर आहे. त्या नंबरवर व्हॉट्सअॅपने तीन फोटो पाठवा: पट्टीचा, पंपाच्या वायरच्या जागेचा आणि असल्यास पावतीचा. सोबत पावतीवरचं नाव, गाव, तालुका आणि कुलर कोणत्या दुकानातून घेतला ते लिहा. साधा फोन असेल तर त्याच नंबरवर फोन करून सांगा, किंवा बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊन नोंदवा. दुकानदाराकडे नोंदवही दिली आहे. नोंद झाली की एक क्रमांक मिळतो. तो पावतीच्या मागे लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं.

पावती नसेल तर पट्टीचा फोटो पुरेसा आहे. पट्टीही नसेल तर पंप दाखवा. कुलर लग्नात आंदण आला असेल किंवा बदली झालेल्या शिक्षकाकडून जुना घेतला असेल, तर पंप बदलून मिळेल. पैसे मात्र ज्याने ते भरले त्यालाच परत जातात. आधीच्या मालकाने दोन ओळींची संमती लिहून दिली तर तुमच्या खात्यात देऊ.

पंप बदलायचा की पैसे घ्यायचे

कुलर बाकी चांगला असेल तर पंप बदलून घेणं सोयीचं. पंप, तीन तारांची नवी वायर, तीन पिनांचा प्लग आणि बसवण्याची मजुरी आमच्याकडून. वायरमन तुमच्या ओळखीचा असला तरी चालतो, मजुरी आम्ही त्याला देतो.

पैसे हवे असतील तर कुलर याच हंगामात घेतलेला असल्यास पूर्ण किंमत आणि गावापर्यंत आणायचं भाडं परत मिळतं. कुलर आम्ही घरून उचलतो, तुम्ही आणायचा नाही. वापर झाला, पत्र्याला पोचा पडला, गवताच्या ताट्या काळ्या झाल्या म्हणून काही कापून घेत नाही. मागच्या हंगामातला किंवा त्याआधीचा कुलर असेल तर पंप बदलून मिळतो किंवा पंपाची किंमत मिळते, पूर्ण कुलरची नाही.

हप्त्यावर घेतलेल्या कुलरचा हिशोब जरा वेगळा असतो, आणि गोंधळ तिथेच होतो. समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका घराने याच हंगामात 7,200 रुपयांचा कुलर घेतला. 1,200 रोख दिले आणि 6,000 चे बिनव्याजी सहा हप्ते केले, महिन्याला 1,000. फायनान्सची फी 200 आणि ऑटोचं भाडं 300 गेलं. दोन हप्ते कापले गेले आणि आता पैसे परत हवे आहेत. त्या घराच्या हातात 1,200 रोख, 2,000 हप्त्यांचे, 200 फी आणि 300 भाडं मिळून 3,700 रुपये येतात. उरलेले 4,000 आम्ही थेट फायनान्स कंपनीला भरतो. ते घराच्या खात्यात येत नाहीत, आणि ‘7,200 मिळायला हवे होते’ अशी तक्रार यातूनच निघते.

या घराने एक गोष्ट पाळायची. फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद झाल्याचं पत्र येईपर्यंत खात्यात हप्त्याएवढी रक्कम ठेवायची. परतीला अर्ज केला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. खात्यात पैसे नसताना हप्ता आला तर तो बाउन्स होतो, दंड लागतो आणि पुढे पीककर्ज काढताना सिबिलमध्ये ती नोंद दिसते. मधल्या काळात एखादा हप्ता जास्तीचा कापला गेला तर पासबुकाच्या त्या पानाचा फोटो पाठवा, तेवढी रक्कम वेगळी परत करू.

जुना पंप भंगारात देऊ नका

जुना पंप आम्हाला हवाच आहे. भंगारात गेलेला पंप धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतो आणि तोच धोका दुसऱ्याच्या घरात जातो. वायर प्लगकडच्या बाजूने वीतभर कापून टाका, म्हणजे तो कुणी लावणार नाही. पंपाकडची बाजू तशीच राहू द्या, कारण राळ कुठे सुटली ते आम्ही तिथेच तपासतो. कोरडा करून पिशवीत घाला, चिठ्ठीवर नोंद क्रमांक लिहा आणि वायरमनकडे किंवा दुकानात द्या. देताना पोच घ्या. पैसे परत करायची सात दिवसांची मुदत या पोचेच्या तारखेपासून मोजली जाते, फोन केल्याच्या तारखेपासून नाही. कुलर परत करणाऱ्यांना ही पोच कुलर उचलताना मिळते.

शॉक बसून कुणाला इजा झाली असेल तर पंप काढू नका, कापू नका. प्लग काढून कुलर तसाच ठेवा, फोटो घ्या आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

नवा पंप बसवताना समोर उभे राहा

बसवणाऱ्याने तिसरी, म्हणजे हिरवी तार बॉडीला लोखंडावर घट्ट कसली आहे का, ते बघा. रंगावर स्क्रू कसला तर ती जोडणी लागत नाही, तिथला रंग खरवडावा लागतो. प्लगची जाड, लांब पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात बसवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तसं झालं तर नव्या पंपाचाही उपयोग अर्धाच.

टाकी भरून पंप तासभर पाण्यात राहू द्या, लाईन न देता. मग वायरमनने प्लगची फेज आणि न्यूट्रलची पिन एकत्र जोडून त्या आणि अर्थच्या पिनेमधे 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे करंटची गळती तपासायचं यंत्र, लावावा. काटा एक मेगाओहमच्या खाली थांबला तर कुलर सुरू करू नका, त्याच वेळी आम्हाला फोन करा. चांगल्या पंपात रीडिंग याच्या कितीतरी वर जातं. गावात मेगर नसेल तर नोंद करतानाच सांगा, म्हणजे मेगर असलेला माणूस पाठवता येईल.

रोजच्या वापरात पाणी पंपाच्या वर निदान चार बोटं असू द्या आणि टाकी रिकामी दिसली की पंप बंद करा. तापलेल्या पंपावर लगेच गार पाणी ओतू नका, पंधरा मिनिटं थांबा. आणि पाणी भरताना प्लग काढायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, पंप नवा असला तरी.

पैसे कसे येतात, आणि फसवणूक कुठे होते

पैसे बँक खात्यात किंवा पावतीवरच्या मोबाइलच्या यूपीआयवर येतात. आम्हाला खाते क्रमांक, आयएफएससी आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो लागतो. त्यापलीकडे काही नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ‘कुलरचे पैसे परत करतो, आधी दहा रुपये पाठवा’ किंवा ‘ही लिंक उघडा’ असा फोन आला तर तो आमचा नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ला कळवा. तिथे जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मधे अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुकानदाराने ‘गॅरंटी संपली’ किंवा ‘कंपनीकडे जा’ म्हणून परत पाठवलं तर आम्हाला नोंद क्रमांकासह कळवा. आमच्याकडूनही काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत तक्रार देता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष वस्तू पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. त्यासाठी नोंद क्रमांक, जुन्या पंपाची पोच आणि पट्टीचा फोटो हे तीन कागद एका पाकिटात ठेवा.